होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर

दिक्पाताची दुरुस्ती : किती, कोणत्या बाजूने आणि कशी पडताळावी

गायरानाची हद्द, वनखंडाची सीमा किंवा एखाद्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र होकायंत्र आणि साखळीच्या साह्याने मोजून कागदावर उतरविण्याची पद्धत जुनी आहे. जमिनीची अधिकृत मोजणी भूमि अभिलेख खात्याकडून होते आणि त्या कामात आता उपग्रहांचे साह्य घेतले जाते. तथापि, जुन्या फील्डबुकांतील बहुतेक नोंदी होकायंत्राच्याच आहेत. गावपातळीवरचे कच्चे आराखडे आणि शाळांतील भूगोलाचे प्रात्यक्षिक यांतही होकायंत्र अद्याप वापरात आहे.

या कामात एक चूक अशी आहे की, ती नेहमीच्या सर्व तपासण्यांतून सहीसलामत सुटते. मोजणीची आकृती व्यवस्थित बंद होते, क्षेत्रफळ बरोबर येते, एकाच रेषेच्या दोन्ही टोकांकडून घेतलेल्या नोंदी परस्परांशी जुळतात. आणि तरीही कागदावर आखलेली हद्द शेजारच्या शेतात शिरते. होकायंत्राची उत्तर हीच नकाशाची उत्तर, असे गृहीत धरल्याने ही चूक घडते.

दोन उत्तर दिशा

नकाशावरील रेखांशाच्या रेषा पृथ्वीच्या भौगोलिक उत्तर ध्रुवाकडे जातात. ही खरी उत्तर होय. होकायंत्रातील चुंबकसूचीला भौगोलिक ध्रुवाचे ज्ञान नसते. ती ज्या ठिकाणी असेल, त्या ठिकाणच्या भूचुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिर होते. या दोन दिशांमधील कोनास चुंबकीय दिक्पात म्हणतात. सूची खऱ्या उत्तरेच्या डावीकडे वळलेली असेल तर दिक्पात पश्चिम, उजवीकडे वळलेली असेल तर पूर्व.

हा कोन सर्वत्र सारखा नसतो. महाराष्ट्रात तो अल्प, साधारणपणे एका अंशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. भारतात काश्मीरकडे तो पूर्वेस, तर दक्षिण टोकाकडे पश्चिमेस आढळतो आणि शून्य दिक्पाताची रेषा या दोहोंच्या दरम्यान देशातून जाते. याउलट दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथे सूची खऱ्या उत्तरेपासून सुमारे २५ अंश पश्चिमेकडे वळलेली असते, तर न्यूझीलंडमध्ये ती २० अंशांहून अधिक पूर्वेकडे वळते. मुंबईहून निघून केप टाऊनला जाणाऱ्या जहाजाने मुंबईत जवळजवळ अनावश्यक वाटणारी दुरुस्ती तेथे पोहोचल्यावर केली नाही, तर त्याचा मार्ग एका किलोमीटरमागे चारशे मीटरांहून अधिक चुकेल.

केप टाऊनला ही दुरुस्ती कोणी विसरत नाही, कारण चूक लगेच डोळ्यांत भरते. महाराष्ट्रात मात्र दिक्पात लहान असल्यामुळे ती न करण्याचीच सवय लागते. एका अंशाच्या चुकीने एक किलोमीटर अंतरावर सुमारे साडेसतरा मीटर फरक पडतो. एक इंचाला जवळजवळ पाऊण मैल दाखविणाऱ्या, म्हणजे १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर हा फरक एका मिलिमीटरच्या तृतीयांशाएवढा, पेन्सिलीच्या रेघेत लपून जाणारा असतो. १ : ५,००० प्रमाणाच्या गावनकाशावर तोच साडेतीन मिलिमीटर होतो. दुरुस्ती आवश्यक आहे की नाही, हे दिक्पाताच्या आकड्यावरून नव्हे, तर रेषेची लांबी आणि नकाशाचे प्रमाण पाहून ठरवावयाचे असते.

बेरीज की वजाबाकी

उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला कोन म्हणजे दिशाकोन. सर्वेक्षक त्यास बेअरिंग म्हणतात. होकायंत्र जो दिशाकोन दाखविते, तो सूचीच्या उत्तरेपासून मोजलेला असतो. नकाशावर कोनमापकाने जो मांडावयाचा, तो खऱ्या उत्तरेपासून मोजलेला हवा.

दुरुस्तीची बाजू पाठ करण्यापेक्षा आकृती काढून समजून घेणे श्रेयस्कर आहे. कागदावर एक उभी रेषा काढावी. ही खरी उत्तर. दिक्पात १ अंश पश्चिम असेल, तर तिच्या डावीकडे एक अंशाचा कोन करून दुसरी रेषा काढावी. ही सूचीची उत्तर. समजण्यासाठी हा कोन मुद्दाम मोठा दाखविण्यास हरकत नाही. आता उजवीकडे एखाद्या झाडाची दिशा दाखविणारी तिसरी रेषा काढावी. झाडापर्यंतचा कोन डावीकडच्या रेषेपासून मोजला, तर तो उभ्या रेषेपासून मोजलेल्या कोनापेक्षा एक अंशाने मोठा भरतो. म्हणून दिक्पात पश्चिम असता होकायंत्राच्या नोंदीतून दिक्पात वजा करावा, म्हणजे खरा दिशाकोन मिळतो. दिक्पात पूर्व असता तो मिळवावा.

ही रीत जमिनीवरून नकाशाकडे जाताना लागू होते. नकाशावर कोन मोजून त्या दिशेने जमिनीवर चालावयाचे असेल, तर क्रिया उलट होते : पश्चिम दिक्पात मिळवावयाचा आणि पूर्व दिक्पात वजा करावयाचा. बहुतेक चुका येथेच होतात. दुरुस्ती मुळीच न केल्यास दिक्पाताएवढी चूक होते, उलट्या बाजूने केल्यास त्याच्या दुप्पट. चुकीची दुरुस्ती ही दुरुस्ती न करण्यापेक्षा अधिक हानिकारक असते, ती यामुळे.

एका गायरानाचे उदाहरण

पुढील उदाहरण स्पष्टीकरणासाठी रचलेले आहे. एका गावच्या गायरानाला क, ख, ग, घ असे चार कोपरे आहेत. यांपैकी क हा तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड असून त्याचे स्थान नकाशावर निश्चित आहे. तेथून निघून प्रिझमॅटिक होकायंत्र आणि साखळीने फेरी घातली असता पुढील नोंदी मिळाल्या.

क ते ख : ६२ अंश, ६४० मीटर
ख ते ग : १४८ अंश, ५०० मीटर
ग ते घ : २४० अंश, ७०० मीटर
घ ते क : ३३४½ अंश, ५२४ मीटर

या ठिकाणचा दिक्पात १ अंश पश्चिम आहे असे धरू.

मोजणी करणाऱ्याने हे कोन आहेत तसेच कागदावर मांडले. चौथी रेषा क च्या दगडापासून दोन मीटरांच्या आत येऊन पोहोचली. सुमारे २,३६४ मीटरांच्या फेरीत एवढाच फरक राहणे हे होकायंत्राच्या मोजणीत फारच समाधानकारक मानले जाते. क्षेत्रफळ काढले, ते सुमारे ३४ हेक्टर भरले आणि जुन्या नोंदीशी जुळले. मोजणी निर्दोष आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला.

प्रत्यक्षात प्रत्येक कोन एका अंशाने मोठा होता. खरे दिशाकोन अनुक्रमे ६१, १४७, २३९ आणि ३३३½ अंश होते. सर्वच रेषा सारख्याच प्रमाणात वळल्यामुळे आकृतीचा आकार बिघडला नाही, बाजू बदलल्या नाहीत आणि क्षेत्रफळही बदलले नाही. क चा दगड खुंटीसारखा स्थिर राहिला आणि संपूर्ण गायरान त्याभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक अंश फिरले. पाटावर कागद ठेवून त्याच्या एका कोपऱ्यात टाचणी टोचली आणि कागद किंचित फिरविला, तर त्यावरील चित्र जसे अबाधित राहते, तसाच हा प्रकार होय.

क पासून ग हा कोपरा सरळ रेषेत सुमारे ८३९ मीटर दूर, बहुतांशी पूर्वेस आहे. एका अंशाच्या वळणामुळे तो कागदावर सुमारे साडेचौदा मीटर दक्षिणेकडे सरकला. घ हा कोपराही सुमारे नऊ मीटर सरकला, परंतु तो बहुतेक हद्दीच्या रेषेच्याच दिशेने. त्यामुळे तेथे हद्द बाहेर गेली नाही. परिणामी ग ते घ या सातशे मीटरांच्या बाजूलगत, ग कडे साडेअकरा मीटर रुंद आणि घ कडे निमुळती होत गेलेली एक पट्टी कागदावर गायरानात आली. तिचे क्षेत्र सुमारे ३७ गुंठे, म्हणजे एका एकराला थोडेसे कमी. ही पट्टी वास्तविक दक्षिणेकडील शेतकऱ्यांच्या मालकीची. जेवढी जमीन या बाजूने आत आली, जवळजवळ तेवढीच दुसऱ्या बाजूंनी बाहेर गेली. म्हणूनच एकूण क्षेत्रफळाने काहीच सांगितले नाही.

दिक्पाताची आठवण ठेवून, पण बाजू चुकवून, कोणी एक अंश वजा करण्याऐवजी मिळविला असता, तर ६२ चे ६३ अंश झाले असते. आकृती खऱ्या स्थितीपासून दोन अंश फिरली असती, ग चा दगड २९ मीटर सरकला असता आणि पट्टी सुमारे ७५ गुंठ्यांची झाली असती. तरीही फेरी पूर्वीसारखीच दोन मीटरांत बंद झाली असती.

नेहमीची तपासणी का अपुरी पडते

होकायंत्राच्या मोजणीत दोन प्रकारच्या चुका असतात आणि त्यांची लक्षणे भिन्न असतात. नोंद वाचताना होणारी अर्ध्या अंशाची गफलत, दगडाच्या मध्यावर न धरलेली काठी या चुका कधी इकडे, कधी तिकडे पडतात. त्यांचा परिणाम फेरी बंद न होण्यात दिसतो.

दुसरा दोष स्थानिक आकर्षणाचा. लोखंडी पहार, साखळी, सायकल, विजेचा खांब किंवा रोहित्र जवळ असेल तर सूची विचलित होते. महाराष्ट्राच्या पठाराचा काळा बेसॉल्ट खडक स्वतःच कमीअधिक चुंबकित असतो, आणि ज्या उघड्या माथ्यावर वीज पडलेली असते, तेथील खडक काही वेळा इतका प्रबळ असतो की चार पावले सरकताच नोंद बदलते. हा दोष ओळखण्याची खूण आहे. क वरून ख कडे पाहिले असता ६२ अंश दिसले, तर ख वरून क कडे पाहताना २४२ अंश दिसले पाहिजेत. दोन्हींत बरोबर १८० अंशांचे अंतर हवे. ते नसेल तर दोन्हीपैकी एका ठिकाणी सूचीला काहीतरी ओढत आहे.

दिक्पात मात्र दोन्ही टोकांना सारखाच असतो. ६२ मध्ये तो एक अंश आहे, तसाच २४२ मध्येही आहे. म्हणून पुढची आणि उलट नोंद जुळते. तो प्रत्येक बाजूला सारखा लागू असल्याने फेरीही बंद होते. या दोन तपासण्या मोजणीच्या अंतर्गत सुसंगतीची परीक्षा घेतात. ती मोजणी पृथ्वीच्या संदर्भात योग्य दिशेने बसली आहे की नाही, हे त्या सांगू शकत नाहीत. त्यासाठी मोजणीच्या बाहेरचा साक्षीदार आणावा लागतो.

बाहेरचा साक्षीदार

हा साक्षीदार म्हणजे नकाशावर असलेली आणि जमिनीवर स्पष्ट दिसणारी एखादी दूरची खूण : टेकडीवरील त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा स्तंभ, मंदिराचे शिखर, किल्ल्याचा बुरूज. क च्या दगडावर उभे राहून अशा खुणेची दिशा होकायंत्राने पाहावी आणि तीच दिशा नकाशावर क पासून खुणेपर्यंत रेषा काढून कोनमापकाने मोजावी. उदाहरणार्थ, शिखराची दिशा होकायंत्रावर २८८ अंश आणि नकाशावर २८७ अंश आली, तर या ठिकाणी, या होकायंत्राने घेतलेल्या नोंदींतून एक अंश वजा करावयाचा, हे सिद्ध झाले. यात बेरीज की वजाबाकी हा प्रश्नच उरत नाही. नकाशाचा कोन लहान, म्हणून वजाबाकी. मोठा असता तर बेरीज.

या रीतीचा दुसरा लाभ असा की, यात होकायंत्राचा स्वतःचा दोषही आपोआप धरला जातो. सूची आणि तिच्यावर बसविलेली अंशांची तबकडी यांची जुळणी प्रत्येक यंत्रात अचूक असतेच असे नाही. एकाच दगडावर एकामागून एक ठेवलेली दोन होकायंत्रे एकाच शिखरासाठी अर्ध्या अंशाच्या फरकाने नोंद देतात, असा अनुभव येतो. छापील दिक्पाताचा आकडा हा फरक सांगू शकत नाही. म्हणूनच एक यंत्र पडताळून दुसऱ्याने मोजणी करू नये.

मात्र ही खूण पुरेशी दूर हवी. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर पाच किलोमीटर अंतर दहा सेंटिमीटर होते. दहा सेंटिमीटरच्या रेषेच्या टोकाशी अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर कोनात सुमारे एकतृतीयांश अंशाचा फरक येतो. खूण एकाच किलोमीटरवर असेल, तर रेषा दोन सेंटिमीटरांची राहते आणि तेवढ्याच चुकीने दीड अंशाचा फरक पडतो. म्हणजे साक्षीदारच अविश्वसनीय ठरतो. निरनिराळ्या दिशांना असलेल्या, चार-पाच किलोमीटर किंवा अधिक दूरच्या तीन खुणा घेऊन तिन्ही फरकांची सरासरी काढणे योग्य. तीन फरक परस्परांशी जुळत नसतील, तर त्या दगडाजवळच स्थानिक आकर्षण आहे किंवा एखादी खूण ओळखण्यात चूक झाली आहे, असे समजून जागा बदलावी.

नकाशावरचा कोन मोजताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. अनेक नकाशांवर रेखांशांच्या रेषांखेरीज चौकटींचे जाळे छापलेले असते. या जाळ्याच्या उभ्या रेषा खऱ्या उत्तरेशी सर्वत्र समांतर नसतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या खुल्या मालिकेतील नकाशांवर पश्चिम महाराष्ट्रासाठी जे जाळे आहे, ते ७५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेले असून, मुंबईजवळ त्याच्या उभ्या रेषा खऱ्या उत्तरेपासून सुमारे पाऊण अंश पश्चिमेकडे कललेल्या असतात. हा फरक दिक्पाताएवढाच, किंबहुना काही वेळा त्याहून मोठा असतो. ज्या उभ्या रेषेपासून साक्षीदाराचा कोन मोजला, त्याच प्रकारच्या रेषेपासून पुढील सर्व कोन मांडावेत. म्हणजे या फरकाचाही बंदोबस्त होतो.

आकडा कोणत्या वर्षीचा

दूरची खूण उपलब्ध नसेल, तर दिक्पाताचा आकडा बाहेरून घ्यावा लागतो. जुन्या स्थलनिर्देशक नकाशांच्या समासात तो, वर्षासह, छापलेला असतो. हे वर्ष आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण दिक्पात स्थिर नसतो. पृथ्वीच्या गाभ्यातील द्रवरूप लोहाच्या हालचालींमुळे भूचुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलत राहते.

लंडन शहराच्या नोंदी या बाबतीत प्रसिद्ध आहेत. १५८० मध्ये तेथे दिक्पात सुमारे ११ अंश पूर्व होता. १६३४ मध्ये हेन्री गेलिब्रँड यांनी तो पुन्हा मोजला, तेव्हा तो सुमारे ४ अंशच भरला. दिक्पात काळानुसार बदलतो, हे तेव्हा सिद्ध झाले. पुढे तो पश्चिमेकडे गेला, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे २४ अंशांपर्यंत पोहोचला आणि पुन्हा परतू लागला. २०१९ च्या सुमारास ग्रिनिच येथे सूची सुमारे ३६० वर्षांनंतर पुन्हा खऱ्या उत्तरेकडे पाहू लागली.

महाराष्ट्रात अशा नोंदींची परंपरा दीर्घ आहे. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर, त्यांच्या विद्युत्‌प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम अलिबागला हलविण्यात आले. १९०४ पासून तेथे नोंदी घेतल्या जात असून, दोन्ही ठिकाणच्या नोंदींचा सांधा जुळावा यासाठी काही काळ कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी निरीक्षणे करण्यात आली. १९७१ मध्ये स्वायत्त झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था हे काम पुढे चालवीत आहे. जगभरच्या वेधशाळा आणि उपग्रह यांच्या नोंदींवरून तयार होणारे जागतिक चुंबकीय प्रतिमान दर पाच वर्षांनी सुधारण्यात येते. त्यावरून कोणत्याही ठिकाणचा दिक्पात संगणकावर काढता येतो. अक्षांश, रेखांश आणि तारीख एवढीच माहिती त्यासाठी लागते.

अलिबागच्या वेधशाळेला दिवसभरात सूचीचे काही कलांचे हेलकावेही टिपता येतात. एका अंशात साठ कला असतात, आणि प्रिझमॅटिक होकायंत्रावर अर्ध्या अंशाहून सूक्ष्म वाचन क्वचितच होते. तेव्हा या दैनिक बदलाची दुरुस्ती करण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे साचणारा बदल मात्र सोडता येत नाही.

जुनी हद्द नव्याने शोधताना

हा बदल विशेषतः जुनी हद्द पुन्हा आखताना अंगावर येतो. वरील उदाहरणातील गायरानाची मोजणी १९७५ मध्ये झाली होती आणि क ते ख ची नोंद ६२ अंश आहे, असे समजू. ख चा दगड आता नाहीसा झाला आहे. आज क वर उभे राहून होकायंत्राने ६२ अंश साधले आणि ६४० मीटर मोजले, तर जुनीच जागा सापडेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १९७५ मधील सूची आणि आजची सूची एकाच दिशेला पाहत नाहीत.

अशा वेळी दोन टप्प्यांत जावे लागते. प्रथम त्या वर्षीच्या दिक्पाताने जुनी नोंद खऱ्या दिशाकोनात आणावी. त्या वेळी दिक्पात १ अंश पश्चिम होता असे धरल्यास, ६२ मधून १ वजा जाता ६१ अंश. नंतर आजचा दिक्पात घेऊन उलट क्रिया करावी. आज तो समजा अर्धा अंश पश्चिम असेल, तर ६१ मध्ये अर्धा मिळवून ६१½ अंश. आजच्या होकायंत्रावर ही दिशा साधली म्हणजे १९७५ ची रेषा मिळते. ६२ अंशांवरच गेले असता ६४० मीटरांवर सुमारे साडेपाच मीटरांचा फरक पडला असता. बांधावरच्या झाडाची मालकी बदलण्यास एवढे अंतर पुरेसे असते.

हे सर्व शक्य होण्यासाठी जुन्या फील्डबुकात एक गोष्ट स्पष्ट असावी लागते : त्यातील कोन होकायंत्रावर दिसले तसे लिहिलेले आहेत, की दुरुस्ती करून. अनेक फील्डबुकांत याचा उल्लेख नसतो. मग पुढचा माणूस दुरुस्त कोनांची पुन्हा दुरुस्ती करतो आणि आकृती उलट्या बाजूला फिरवितो. आजच्या काळात याच चुकीला आणखी एक वाट मिळाली आहे. काही होकायंत्रांत दिक्पात आधीच बसविण्याची सोय असते, आणि मोबाईल फोनमधील होकायंत्र खरी उत्तर दाखवीत आहे की चुंबकीय, हे त्यातील निवडीवर अवलंबून असते. फोन खरी उत्तर दाखवीत असेल आणि तरीही कागदावर दिक्पात वजा केला, तर दुरुस्ती दोनदा होते.

यावर उपाय साधा आहे. फील्डबुकात होकायंत्राची नोंद जशी दिसली तशी एका रकान्यात लिहावी आणि तिच्यात कधीही खाडाखोड करू नये. दुरुस्त दिशाकोन शेजारच्या स्वतंत्र रकान्यात लिहावा. पानाच्या माथ्यावर मोजणीची तारीख, होकायंत्राचा क्रमांक, वापरलेली दुरुस्ती आणि ती कशावरून ठरविली, म्हणजे कोणत्या खुणेवरून किंवा कोणत्या वर्षीच्या आकड्यावरून, हे नमूद करावे. वरील गायरानाच्या पहिल्या पानावर "शिखरावरून पडताळा : होकायंत्र २८८, नकाशा २८७, दुरुस्ती उणे १ अंश" एवढी एक ओळ असती, तर ३७ गुंठ्यांची पट्टी कागदावर गायरानात गेली नसती, आणि पन्नास वर्षांनी ख चा दगड शोधणाऱ्यालाही कोणत्या उत्तरेपासून मोजावयाचे, हे त्याच ओळीवरून कळले असते.